मिक्सर स्वस्त करायचा, पण वाटण तसंच बारीक हवं : व्हॅल्यू इंजिनिअरिंग नेमकं करतं काय?

घरातला जुना मिक्सर पंधरा-वीस वर्षं चालला. मग नवा आणला. दिसायला देखणा, वर चकचकीत पट्टी, निळा दिवा. पण ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना दोन मिनिटांतच जळका वास येतो आणि मशीन बंद पडतं. मग मिक्सर उचलून तळाचं लाल बटण दाबा, थांबा आणि पुन्हा सुरू करा.

असं झालं की आपण म्हणतो, "कंपनीने पैसे वाचवले." ते खरंही असतं. पण पैसे वाचवणं हा इथला खरा दोष नाही. दोष हा की पैसे चुकीच्या जागी वाचवले. पट्टी आणि दिवा तसाच राहिला, आणि कात्री लागली ती मोटरला.

कात्री कुठे लावायची आणि कुठे अजिबात लावायची नाही, हे हिशोबाने ठरवण्याची एक पद्धत आहे. तिला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. तिचा कणा म्हणजे फंक्शन कॉस्ट ॲनालिसिस, म्हणजे वस्तूच्या प्रत्येक कामावर किती खर्च होतो याची मांडणी. ही मांडणी कशी करतात आणि ती कुठे फसते, हे मिक्सरच्याच उदाहरणातून पाहू.

सुरुवात झाली टंचाईतून

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक या कंपनीला कच्चा माल मिळेनासा झाला. पोलाद, तांबं, निकेल असे धातू आधी युद्धसामग्रीला जायचे. त्यामुळे खरेदी विभागाला रोज काहीतरी पर्याय शोधावा लागे. नाइलाजाने वापरलेले यातले काही पर्याय मूळ मालापेक्षा स्वस्त निघाले आणि कामालाही तितकेच चांगले, कधी सरस ठरले.

युद्ध संपल्यावर कंपनीच्या खरेदी विभागाचे उपाध्यक्ष हॅरी अर्लिचर यांना प्रश्न पडला. हे टंचाईत योगायोगाने घडलं, मग ते ठरवून का करता येऊ नये? 1947 मध्ये हे काम लॉरेन्स माइल्स या इंजिनिअरकडे आलं.

माइल्स यांचा मुद्दा साधा होता. गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, त्या वस्तूने होणारं काम विकत घेतं. म्हणून "हा भाग स्वस्तात कसा बनवू?" असं न विचारता "हा भाग काय करतो, आणि तेच काम आणखी कशाने होईल?" असं विचारायचं.

त्या काळातला ॲस्बेस्टॉसचा किस्सा या क्षेत्रात कायम सांगितला जातो. कारखान्यात रंग दिलेल्या वस्तू जिथून सरकत जायच्या, तिथल्या जमिनीवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे अंथरावे लागत, आणि ते मिळत नव्हते. "तुम्हाला ते कशासाठी लागतात?" असं पुरवठादाराने विचारलं. उत्तर होतं की रंग खाली ठिबकतो, जमीन खराब होऊ नये आणि ठिबकलेल्या रंगाने पेट घेतला तरी आग पसरू नये. हे काम एका न जळणाऱ्या कागदाने होत होतं. तो सहज मिळायचा आणि स्वस्तही होता. पण आग प्रतिबंधक नियमात 'ॲस्बेस्टॉस' असं नावानिशी लिहिलेलं असल्यामुळे कागद वापरू देईनात. शेवटी चाचण्या करून नियमच बदलावा लागला.

त्या नियमात कामाऐवजी वस्तूचं नाव लिहिलं होतं. सगळी अडचण त्यातूनच आली होती.

माइल्स या पद्धतीला व्हॅल्यू ॲनालिसिस म्हणत. 1954 मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने ती उचलली आणि डिझाइन चालू असतानाच वापरायची म्हणून तिला व्हॅल्यू इंजिनिअरिंग हे नाव दिलं. आज दोन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरतात. बारीक फरक करायचाच, तर बाजारात असलेल्या वस्तूचं ॲनालिसिस आणि अजून कागदावर असलेल्या वस्तूचं इंजिनिअरिंग.

पहिली पायरी : प्रत्येक भागाचं काम दोन शब्दांत

मिक्सरचे भाग सगळ्यांना ठाऊक असतात: मोटर, भांडी, पाती, झाकणं, बाहेरची बॉडी, स्विच, वायर, खोकं. कारखान्यातला खर्चाचा तक्ताही याच भागांनुसार असतो. व्हॅल्यू इंजिनिअरिंग हा तक्ता थोडा वेळ बाजूला ठेवतं आणि प्रत्येक भागाला विचारतं, "तू करतोस काय?"

उत्तर शक्यतो दोनच शब्दांत द्यायचं, एक नाम आणि एक क्रियापद. पातं काय करतं? पदार्थ वाटतं. झाकणाची रबरी रिंग? गळती रोखते. तळाचे रबरी पाय? कंप शोषतात. ओव्हरलोडचं लाल बटण? मोटर वाचवतं.

दोन शब्दांची अट पोरकट वाटते, पण ती फार उपयोगी आहे. लांबलचक वाक्यात दोन-तीन कामं लपून जातात. दोन शब्दांत ती वेगळी काढावीच लागतात. आणि एखाद्या भागाचं काम दोन शब्दांत सांगताच येत नसेल, तर दोनपैकी एक गोष्ट खरी असते. एक तर आपल्याला तो भाग नीट कळलेला नाही, किंवा त्या भागाला काही कामच नाही.

उत्तर किती खोलवर न्यायचं, तेही महत्त्वाचं. "मोटर काय करते?" याला "पातं फिरवते" असं उत्तर दिलं, तर आपण मोटरच्याच विचारात अडकून राहतो. पुढे "कशासाठी फिरवते?" असं विचारलं की उत्तर येतं, "पदार्थ वाटण्यासाठी." हे मिक्सरचं मूळ काम. हे होत नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. उलट दिशेने "ते कसं?" असं विचारत गेलं की मूळ काम कोणत्या छोट्या कामांवर उभं आहे ते दिसतं. 'कशासाठी' आणि 'कसं' या दोन प्रश्नांनी कामांची साखळी मांडायची ही रीत चार्ल्स बायथवे या अमेरिकन इंजिनिअरने 1960 च्या दशकात बसवली. तिला फास्ट डायग्राम म्हणतात.

मूळ काम कोणतं, हे वस्तूपेक्षा ती वापरणारा माणूस ठरवतो. केकचं मऊ पीठ फेटण्यासाठी बनवलेल्या यंत्राचं आणि भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड दळायच्या यंत्राचं वर्णन कागदावर सारखंच दिसेल. पण दुसऱ्याच्या मोटरवर पडणारा भार फार मोठा असतो. बाहेरदेशी स्वयंपाकघरासाठी बनलेली यंत्रं आपल्याकडच्या दळण-वाटणापुढे टिकेनात, म्हणूनच 1960 च्या दशकात मुंबईत 'सुमीत' सारखे खास इथल्या वापरासाठी घडवलेले मिक्सर तयार झाले.

दुसरी पायरी : भागांचा खर्च कामांवर वाटणं

आता हिशोब. समजा, तीन भांड्यांचा एक मिक्सर आहे आणि तो कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत 2,000 रुपये खर्च येतो. हे आणि पुढचे सगळे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

भागांनुसार खर्च असा: मोटर 720 रुपये. पाती आणि झाकणांसह तीन भांडी 560. बाहेरची बॉडी 340. स्विच, ओव्हरलोड, वायर आणि प्लग मिळून 160. कपलर, बुश, रबरी पाय 60. खोकं आणि पॅकिंग 160.

हा तक्ता पाहून कोणत्याही हिशोबनिसाची नजर मोटरवर जाणार. सगळ्यात मोठा आकडा तिचा, म्हणजे कात्री तिथेच लावावी. ओव्हरलोडला लाल बटण दाबत बसावे लागणारे मिक्सर बरेचदा याच तर्कातून जन्माला येतात.

फंक्शन कॉस्ट ॲनालिसिस म्हणतं, थांबा, आधी एकेका भागाचा खर्च तो जी कामं करतो त्यांवर वाटून टाका. मिक्सरची सहा मुख्य कामं धरू: पदार्थ वाटणं, पदार्थ भांड्यात राखणं म्हणजे गळती न होऊ देणं, मोटर आणि माणूस दोघांना सुरक्षित ठेवणं, ओट्यावर स्थिर राहणं आणि आवाज-कंप कमी करणं, देखणं दिसणं, आणि घरापर्यंत सुखरूप पोचणं.

भांड्यांचे 560 रुपये घ्या. पातं आणि भांड्याचा आतला आकार वाटण्याचं काम करतात, त्याचे 180. स्टीलचं भांडं, झाकण आणि रिंग पदार्थ राखतात, त्याचे 270. उरलेले 110 रुपये कशाचे? बाहेरून आरशासारखं पॉलिश आणि हँडलवरची चमकदार पट्टी. त्याने ना वाटण होतं, ना गळती थांबते. ते काम फक्त दिसण्याचं.

खोक्याचंही असंच. 160 पैकी 100 रुपये मिक्सर न फुटता पोचावा यासाठी, आणि 60 रुपये खोक्यावरच्या रंगीत, चकचकीत छपाईसाठी. बॉडीच्या 340 मध्ये 170 रुपये रंग, क्रोमची पट्टी आणि दिवा यांचे निघतात. सगळे भाग असे वाटून झाले की बेरीज अशी येते:

| काम | खर्च (रुपये) | खर्चाचा वाटा |
|---|---|---|
| वाटणं | 870 | 43.5% |
| देखणं दिसणं | 340 | 17% |
| गळती रोखणं | 270 | 13.5% |
| सुरक्षित ठेवणं | 265 | 13.25% |
| स्थिर राहणं, आवाज कमी | 155 | 7.75% |
| सुखरूप पोचणं | 100 | 5% |

एकूण खर्च तोच, 2,000 रुपये. पण आता चित्र वेगळं दिसतं. 'दिसणं' नावाचा भाग कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात नव्हता. तो भांड्यात, बॉडीत आणि खोक्यात तुकड्या-तुकड्यांनी लपलेला होता. एकत्र केल्यावर तो दुसऱ्या नंबरचा खर्च निघाला.

हे वाटप तंतोतंत होत नाही. स्टीलच्या भांड्यातले नेमके किती रुपये कोणत्या कामाचे, यावर डिझाइन, खरेदी आणि उत्पादन विभागाची माणसं वाद घालतात. म्हणून हे काम एकट्याने करत नाहीत, सगळ्यांना एका टेबलावर बसवतात. दहा-वीस रुपये इकडे-तिकडे झाले तरी चालतं, कारण शोधायची असते ती मोठी तफावत.

तिसरी पायरी : गिऱ्हाईकाला काय किती मोलाचं?

देखणेपणावर 17 टक्के खर्च होतो हे कळलं, पण तो जास्त की कमी? सोन्याच्या दागिन्यात दिसण्यावर सगळा खर्च झाला तरी तो योग्यच असतो. त्यामुळे निकाल गिऱ्हाईकच देतं.

"तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?" असं सरळ विचारलं तर लोक म्हणतात, "सगळंच." म्हणून जोड्या लावतात. दोन-दोन कामं समोर ठेवायची आणि विचारायचं, "यातलं एकच मिळणार असेल तर कोणतं घ्याल?" सहा कामांच्या अशा 15 जोड्या होतात. कोणतं काम किती वेळा आणि किती जोरात जिंकलं, यावरून 100 पैकी गुण देतात. सोबत सर्व्हिस सेंटरच्या तक्रारवह्या वाचतात. कारण माणूस तोंडाने सांगतो त्यापेक्षा तो कशासाठी मिक्सर पिशवीत घालून दुकानापर्यंत येतो, हे जास्त खरं असतं.

समजा गुण असे आले: वाटणं 45, गळती रोखणं 18, सुरक्षितता 17, स्थिर राहणं आणि आवाज 11, दिसणं 6, सुखरूप पोचणं 3.

आता गुणांचा वाटा आणि खर्चाचा वाटा शेजारी ठेवायचा. वाटण्याला 45 गुण, खर्च 43.5 टक्के, म्हणजे बरोबर आहे. दिसण्याला 6 गुण आणि खर्च 17 टक्के, म्हणजे गिऱ्हाईकाच्या लेखी जे आहे त्याच्या जवळपास तिप्पट पैसा तिथे चालला आहे. स्थिर राहणं आणि आवाज यांना 11 गुण, पण खर्च पावणेआठ टक्केच. गळतीचंही तसंच, 18 गुण आणि साडेतेरा टक्के खर्च.

ज्या कामाचा खर्च गुणांपेक्षा खूप जास्त, तिथे शोध घ्यायचा. ज्याचे गुण जास्त आणि खर्च कमी, तिथे गिऱ्हाईक समाधानी आहे का ते तपासायचं. समाधानी असेल तर ते काम स्वस्तात साधलंय, तिथे हात लावायचा नाही. तक्रारी येत असतील तर तिथे उलट पैसे घालायचे. व्हॅल्यू इंजिनिअरिंगमध्ये काही भागांवरचा खर्च वाढतो, तो असा.

मग बदल काय करायचे?

आपल्या उदाहरणात दिसण्याच्या 340 रुपयांचा विचार असा होईल. बॉडीवर रंग कशासाठी? प्लास्टिक देखणं दिसावं म्हणून. तेच काम रंग न देता होईल का? होईल. प्लास्टिकच्या दाण्यातच रंग मिसळायचा आणि साच्याच्या आतल्या पृष्ठभागाला बारीक खरखरीत पोत द्यायचा. रंगाची एक प्रक्रियाच गेली, क्रोमची पट्टीही गेली. 80 रुपये वाचले. शिवाय अशा पृष्ठभागावर ओरखडे आणि तेलकट बोटं कमी दिसतात.

भांड्याला आरशासारख्या पॉलिशऐवजी मंद झळाळीचं फिनिश दिलं, 40 वाचले. खोक्यावर चार रंगांऐवजी एका रंगाची छपाई केली, 30 वाचले. आत सात प्रकारचे स्क्रू होते ते तीनवर आणले, जोडणीचा वेळ घटला, 20 वाचले. एकूण 170 रुपये.

यातले 40 रुपये परत घातले. 25 रुपये झाकणाला चांगल्या सिलिकॉन रिंगसाठी, कारण साधी रबरी रिंग काही महिन्यांत ताठ होते आणि चटणी वाटताना झाकणाखालून पाणी उडतं. 15 रुपये ओट्याला घट्ट धरणाऱ्या पायांसाठी. निव्वळ बचत 130 रुपये, म्हणजे साडेसहा टक्के. मोटरची एक तारही बदलली नाही आणि गळतीच्या तक्रारी मात्र कमी होणार.

तरी हिशोब अजून संपलेला नाही. साचे बदलायला पैसे लागतात. समजा, 6 लाख रुपये लागले. एका मिक्सरमागे 130 रुपये वाचत असतील तर साधारण 4,600 मिक्सर विकल्यावर ते वसूल होतात. महिन्याला 2,000 मिक्सर विकणाऱ्याला अडीच महिनेही लागत नाहीत. महिन्याला 300 विकणाऱ्या छोट्या कारखानदाराला मात्र सव्वा वर्ष लागेल. त्याने साच्याला हात न लावता आधी खोकं, पॉलिश आणि स्क्रू यांच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

म्हणूनच हे काम जितक्या लवकर तितकं स्वस्त. वस्तू कागदावर असताना एक रेघ बदलायला काहीच लागत नाही. साचे बनल्यावर त्याच रेघेला लाखो रुपये मोजावे लागतात.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम : हीच बचत, पण उलट्या बाजूने

आता दुसरा रस्ता पाहू. मोटर सगळ्यात महाग, म्हणून तिच्या वाइंडिंगमध्ये तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली. समजा यातही साधारण तितकेच पैसे वाचले. कागदावर दोन्ही बचती सारख्याच दिसतील.

पण ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के आहे. त्याच जाडीची तार वापरली तर रोध सुमारे 1.6 पट होतो, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला वाइंडिंगमध्ये उष्णताही 1.6 पट तयार होते. उपाय म्हणजे जाड तार. पण मोटरच्या खाचांमध्ये तेवढी जागाच नसते. जागा हवी तर मोटर मोठी करावी लागते, मग बॉडीही मोठी करावी लागते आणि बचत तिथेच संपते.

परिणाम लगेच दिसत नाही, हा यातला खरा धोका. दुकानात पाणी घालून मिक्सर चालवून दाखवला तर तो झकास फिरतो. घरी दाट वाटणाला मोटर तापते, ओव्हरलोड पडतो, वास येतो. तारेवरचं इन्सुलेशन उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतं आणि काही महिन्यांनी मोटर जळते. कारखान्यात बचत नोंदली गेली त्या वर्षी सगळे खूश असतात. वॉरंटीचा खर्च पुढच्या वर्षी, दुसऱ्याच विभागाच्या खात्यात येतो.

याचा अर्थ ॲल्युमिनियम वाईट असा नाही. जिथे जागा आहे आणि पहिल्यापासून त्याच धातूचा विचार करून डिझाइन केलंय, अशा अनेक मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर ॲल्युमिनियमवर व्यवस्थित चालतात. चूक आहे ती तांब्यासाठी आखलेल्या जागेत ते कोंबण्याची.

हे आधीच ओळखायचं कसं? बदल करण्यापूर्वी प्रत्येक कामाचं माप ठरवून ठेवायचं. 'चांगलं वाटलं पाहिजे' हे माप झालं नाही. ठरावीक वजनाची भिजवलेली डाळ इतक्या मिनिटांत इतकी बारीक व्हावी, पाच मिनिटं चालू आणि दोन मिनिटं बंद अशा ठरलेल्या फेऱ्यांनंतर वाइंडिंगचं तापमान अमुक अंशांच्या वर जाऊ नये, असं माप हवं. जुना आणि नवा मिक्सर याच मापावर शेजारी-शेजारी चालवायचा. नवा कमी पडला तर ती बचत मोजायचीच नाही, मग ती कितीही मोठी असो.

यादीतून निसटलेली कामं

या पद्धतीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एखादं काम यादीत यायचंच राहून गेल्यामुळे. मिक्सरमध्येच याची दोन उदाहरणं आहेत.

पहिलं कपलरचं. भांडं आणि मोटर यांना जोडणारा हा छोटा भाग वारंवार झिजतो, तुटतो. कुणालाही वाटेल, हा धातूचा करून टाकू, एकदाची कटकट संपेल. पण पात्यात चमचा किंवा न भिजलेला कडक तुकडा अडकतो तेव्हा आधी कपलर तुटतो आणि मोटरला झटका बसत नाही. काही दहा रुपयांच्या भागाचं एक न लिहिलेलं काम म्हणजे स्वतः तुटून महागडी मोटर वाचवणं. यादीत फक्त 'फिरणं पुढे देतो' एवढंच लिहिलं, तर हे काम निसटलं.

दुसरं दुरुस्तीचं. स्क्रू तीन प्रकारांवर आणले, तर सगळेच काढून बॉडीचे दोन भाग खटकन बसणाऱ्या खाचांनी का जोडू नयेत? जोडणी आणखी झटपट होईल, आणखी पैसे वाचतील. पण अशी बॉडी उघडताना खाचा तुटतात. आपल्याकडे मिक्सर बंद पडला की तो गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जातो, कार्बन ब्रश बदलून परत येतो आणि आणखी पाच वर्षं चालतो. 'दुरुस्त करता येणं' हे काम आपल्या सहा कामांच्या यादीतही नव्हतं. ते धरलं असतं तर गुणांचं चित्र बदललं असतं.

म्हणून यादी करताना कारखान्यातल्या माणसांसोबत वस्तू रोज वापरणारी आणि दुरुस्त करणारी माणसंही बसवावी लागतात. मिक्सर कुठे गळतो हे ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला, आणि तो कुठे जळतो हे दुरुस्तीवाल्याला डिझाइनरपेक्षा जास्त ठाऊक असतं.

'दिसणं' म्हणजे फुकट खर्च नव्हे

एक सावधगिरी शेवटी हवीच. देखणेपणाला 6 गुण आले म्हणून तो शून्यावर आणायचा नसतो. माइल्स यांनीही वस्तूची वापरातली किंमत आणि तिची ऐट, रुबाब यांची किंमत अशी दोन खाती मानली होती. दुसरं खातं खोटं नसतं. लग्नात आहेर म्हणून द्यायच्या मिक्सरला रंगीत खोकं लागतंच. दुकानाच्या फळीवर ते खोकंच विक्री करतं, आणि ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं खोकं मात्र थेट माळ्यावर जातं. त्यामुळे एकाच मिक्सरच्या या दोन वाटांसाठी दोन वेगळे हिशोब निघू शकतात.

गुण देणारी माणसं कोण, यावरही सगळं अवलंबून असतं. एकटं राहणारा विद्यार्थी आणि सहा माणसांचं घर यांच्या यादीत आवाज, आकार, भांड्यांची संख्या यांचे गुण सारखे येणार नाहीत. चुकीच्या माणसांना विचारून काढलेले आकडे दशांशापर्यंत अचूक असतील, तरी वस्तू चुकीचीच बनेल.

खर्चकपात आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंग यांतला फरक ओळखायला गिऱ्हाईकालाही एक साधी कसोटी वापरता येते. वस्तू स्वस्त झाली, पण ज्या कामासाठी ती घरात आणली ते काम पहिल्यासारखंच होतंय का? रंगीत पट्टी गेली आणि वाटण तितकंच बारीक होत असेल, तर पैसे योग्य जागी वाचले. पट्टी राहिली आणि लाल बटण दाबायची वेळ आली, तर वाचलेल्या पैशांचा भुर्दंड आता आपण भरतोय.